स्तंभालेखातून आकडे परत मिळवणे: फूटपट्टीपासून पिक्सेलपर्यंत

विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा स्तंभालेख छापला, तो काहीसा नाइलाजाने. इतर देशांचे वर्षानुवर्षांचे आकडे त्याच्या हाती होते, त्यांच्या रेघा त्याने काढल्या. स्कॉटलंडचे मात्र १७८०-८१ या एकाच वर्षाचे मिळाले. मग १७ ठिकाणांशी चाललेल्या व्यापाराचे आडवे पट्टे काढून त्याने भागवले. आकड्याची लांबी करण्याची ही रीत रूढ झाली, आणि लांबीवरून आकडा काढण्याची उलटी वाटही तिच्यातच होती.

छापील आलेखावर हे काम डिव्हायडर आणि फूटपट्टीने होई. जुने निबंध तपासणाऱ्यांपुढे अडचण अशी की मूळ तक्ते मिळत नसत, आलेख तेवढा असे, तोही बऱ्याचदा झेरॉक्सवर तिरपा आलेला. पुढे हेच मोजमाप संगणकावर आले. `WebPlotDigitizer` स्तंभालेखासाठी अक्षावरचे दोन ज्ञात बिंदू विचारते. डिव्हायडरवाल्यालाही तेवढेच लागत.

समजा, स्क्रीनशॉटमध्ये ० ची खूण वरून ४१२व्या पिक्सेलवर आहे, ५०० ची ६२व्यावर आणि स्तंभाचा माथा १८८व्यावर. चित्रात पिक्सेल वरून खाली मोजतात, म्हणून वजाबाकी उलटी दिसते:

```
(412 - 188) / (412 - 62) * 500 = 320
```

इथे एक पिक्सेल म्हणजे जवळपास १.४. त्यामुळे उत्तर "सुमारे ३२०" असेच लिहावे, ३२०.०० लिहिणे ही निव्वळ बतावणी. आकडा वापरण्याआधी मधली एक खूण ताडून पाहावी. ३०० ची खूण २०२व्या पिक्सेलवर यायला हवी. ती बरीच वर किंवा खाली निघाली, तर अक्षाचे प्रमाण सगळीकडे सारखे नाही, अक्ष मध्येच तोडलेला आहे किंवा खुणा वाचण्यात आपली चूक झाली आहे. अक्ष शून्याऐवजी २०० पासून सुरू होत असेल तर बिघडत नाही, फक्त २०० हाच खालचा बिंदू धरून ५०० ऐवजी ३०० ने गुणायचे आणि शेवटी २०० मिळवायचे. फसतो तो तळाला डोळे झाकून शून्य धरणारा.

झेरॉक्सचा तिरपेपणा स्क्रीनशॉटमध्ये नसतो, पण कडा धूसर असतात. माथ्याशी फिकट रंगाची एखादी ओळ दिसते. ती धरायची की सोडायची, हे एकदा ठरवून सगळ्या स्तंभांना तोच नियम लावावा. अक्षाच्या खुणाही त्याच बारकाईने, रेघेच्या मध्यावर मोजाव्यात.

एक्सेलच्या त्रिमितीय स्तंभांपुढे मात्र ही रीत थिटी पडते. तिथे स्तंभ मागच्या भिंतीपासून पुढे उभे असतात आणि आडव्या रेघा भिंतीवर असतात, त्यामुळे नेमका ४ चा स्तंभही ४ च्या रेघेखाली दिसतो. भिंत आणि स्तंभ यांतले अंतर हिशेबात घेतल्याशिवाय काढलेला प्रत्येक आकडा कमीच भरतो.