आठ दिवसांत चौदा ब्लाऊज: अक्काने नाही म्हटलं त्याची गोष्ट
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“अक्षता पुढच्या रविवारी आहेत, तेवढं करून द्या की.” तुळशीचं लग्न झालं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रत्येक शिलाईच्या दुकानात हे ऐकू येतं. कधी आम्ही काम घेतो, कधी अर्धंच घेतो, कधी हात जोडतो. हे कशावरून ठरतं ते ग्राहकांना कळावं म्हणून एक गोष्ट सांगतो. गोष्टीतली अक्का आणि वैनी रचलेल्या आहेत. तास, मापं आणि कापडाचे गुण मात्र जसे असतात तसेच दिले आहेत.

अक्काचं दुकान शहापुरात. दोन शिलाई मशिनी, हाताखाली एक मुलगी. अक्काचा हात चांगला, म्हणून वैशाखात एका घरानं सोळा ब्लाऊज आणले आणि सात दिवसांत मागितले. ओळखीचं घर, मोडता घालवेना. अक्काने होकार दिला.

पहिली घाई अस्तराची झाली. ब्लाऊजच्या अस्तराचं सुती कापड दुकानातून येतं तेव्हा त्याला खळ असते आणि ते आटलेलं नसतं. ते साध्या पाण्यात निदान तीन तास बुडवून ठेवावं लागतं. मग न पिळता सावलीत वाळवायचं, आणि किंचित ओलं असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री करायची. छत्तीस इंचाच्या लांबीत असं कापड एक ते दीड इंचही आटू शकतं. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी वळीव येत होता, दोरीवर काही वाळेना. अक्काने अस्तर तसंच कोरं कापलं.

शिवून झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही, खरी अडचण हीच. ब्लाऊज हातात येतो तेव्हा छान बसतो. घामानं, वाफेच्या इस्त्रीनं किंवा पहिल्या धुण्यानं अस्तर आटतं, वरचं कापड तेवढं आटत नाही. मग पुढच्या भागावर फुगे येतात, कमरेची पट्टी वर ओढली जाते, मुंढा काचतो. असा ब्लाऊज उलटा करून पाहा: अस्तर ताणलेलं आणि वरचं कापड सैल लोंबलेलं दिसलं, तर कापड न आटवता कापलेलं आहे. हा दोष नंतर दुरुस्त होत नाही. अस्तर उसवून नवं घालणं एवढाच मार्ग उरतो.

दुसरी घाई नवरीच्या ब्लाऊजला भोवली. रेशमी कापडाचं दुखणं असं, की सुई गेली की भोक राहतं. सुती ब्लाऊज उसवून अर्धा इंच सैल केला तर जुन्या शिवणीची खूण धुण्यात निघून जाते. रेशमावर ती ठिपक्यांची रेघ तशीच राहते, आणि सैल केल्यावर नेमकी बाहेर, दिसेल अशी येते. म्हणून नवरीच्या रेशमी ब्लाऊजची पहिली ट्रायल रेशमावर करायचीच नाही. आधी नुसतं अस्तर लांब टाक्यांनी कच्चं जोडायचं आणि ते अंगावर घालून पाहायचं. हात वर करायचे, खाली वाकायचं, पाटावर बसायचं. मुंढा, खांदा, टक्स आणि गळा यांत जो फरक निघेल तो अस्तरावर खडूनं खुणवायचा आणि मगच रेशमाला कात्री लावायची. यासाठी नवरीला एक फेरी जास्त घालावी लागते आणि आमचा एक दिवस जातो. सात दिवसांत सोळा ब्लाऊज करताना हीच फेरी गळाली.

नवरीचा ब्लाऊज पाठीत घट्ट झाला. ट्रायल नसल्यामुळे ते कळलं अक्षतांच्या दिवशी. घट्टपणा नुसता असता तर निभावलं असतं. पण पिस पुरवायचा म्हणून शिवणीच्या आत कापड पाव इंचच सोडलं होतं, आणि मशीनला आदल्या दिवशीच्या सुती कामाची जाड सुई तशीच होती. मंडपात नवरीनं हार घालायला हात उचलले, तसे मागच्या मुंढ्याजवळ रेशमाचे धागे शिवणीवरून सरकले. दोरा तुटला नव्हता, कापडच विरलं होतं, त्यामुळे पुन्हा टीप मारूनही उपयोग नव्हता. नवरीनं दिवसभर पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

घट्ट बसलेल्या रेशमाला हे कुठेही होऊ शकतं, पण बहुतेक वेळा टाळता येतं. सुई अकरा नंबरची, टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा, बाजूच्या शिवणीत निदान एक इंच मार्जिन, आणि रेशीम व अस्तर आधी धावदोऱ्यानं एकत्र धरून मग टीप, म्हणजे ताण अस्तरावर येतो. यातलं एकही काम अवघड नाही, पण प्रत्येकाला वेळ लागतो. घाईत पहिल्यांदा वगळली जातात ती हीच, कारण ती वगळलेली लगेच दिसत नाहीत.

अक्काने शिलाईचे पैसे परत दिले. त्या घरानं भांडण केलं नाही, पण धाकटीच्या साखरपुड्याचे ब्लाऊज दुसरीकडे गेले.

तुळशीच्या लग्नानंतर येळ्ळूरच्या एक वैनी आल्या. मुलीचं लग्न आठ दिवसांवर. नवरीचे तीन ब्लाऊज, घरच्या बायकांचे अकरा, आणि चौदा साड्यांचं फॉल-पिको. या वेळी अक्काने होय-नाही म्हणायच्या आधी वही काढली आणि वैनींच्या समोरच हिशोब मांडला.

नवरीच्या एका ब्लाऊजला अस्तराच्या ट्रायलसकट नऊ तास, म्हणजे तिघांना सत्तावीस. बाकीच्या अस्तरवाल्या ब्लाऊजला कटिंगपासून हुक-काजापर्यंत चार तास, अकरांचे चव्वेचाळीस. पिको मशीनवर पटकन होतो, पण फॉल हातानं लावायचा, म्हणून साडीला एक तास: चौदा. ट्रायलनंतर उसवून नीट करायला प्रत्येकी अर्धा तास: सात. एकूण ब्याण्णव तास.

“दोघी आहात की, होतंय,” वैनी म्हणाल्या. कागदावर होतही होतं. आठातले शेवटचे दोन दिवस ट्रायल आणि दुरुस्तीला मोकळे ठेवले तर सहा दिवस उरतात. दोघींचे रोज आठ-आठ तास धरले तर शहाण्णव. पण त्यातले निम्मे तास आधी घेतलेल्या कामांना दिलेले होते, उरले अठ्ठेचाळीस. शिवाय हाताखालची मुलगी फॉल, हुक आणि तुरपाई करायची. कटिंग आणि मशीन अक्काचंच.

“दुप्पट शिलाई घ्या, बाहेरून एखादा कारागीर लावा.”

“वैनी, पैशानं तास वाढत नाहीत. आणि दुसऱ्याच्या हाताचा मुंढा वेगळा पडतो. माप एकच असलं तरी एक घट्ट, एक सैल असं होतंय. नाव माझं लागणार.”

मग अक्काने काय होईल ते सांगितलं. नवरीचे तीन ब्लाऊज, त्यांचं फॉल-पिको आणि दुरुस्ती मिळून साडेएकतीस तास. वैनींचा आणि करवलीचा ब्लाऊज, त्यांच्या साड्यांसकट अकरा तास. झाले साडेबेचाळीस. उरलेले साडेपाच तास अक्काने मोकळे ठेवले, कारण आठवड्यात एखाद दिवस वीज जाणारच. बाकीचे नऊ ब्लाऊज तिनं घेतले नाहीत.

वैनींना राग आला. अक्काने नऊ जणींची मापं घेऊन नऊ चिठ्ठ्या लिहून दिल्या: छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीची लांबी आणि घेर, पुढचा-मागचा गळा, पूर्ण उंची. प्रत्येक चिठ्ठी त्या त्या पिसाला टाचणीनं लावली. “गावातल्या दोघींकडं वाटून द्या,” ती म्हणाली, “आणि अस्तर आज रात्रीच भिजत घाला, शिवणारीला सांगत बसू नका.” फॉलही भिजवायला सांगितला, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर साडीची खालची कड गोळा होते. वैनींनी तसंच केलं. नवरीचे ब्लाऊज तिसऱ्या दिवशी अस्तरावर, सहाव्या दिवशी रेशमासकट अंगावर घालून पाहिले गेले. मुंढा पाव इंच खाली घ्यावा लागला, तो अस्तरावरच घेतला गेला. पुढच्या उन्हाळ्यात वैनींच्या जावेच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी मुहूर्ताच्या महिनाभर आधी पिस आणून दिले.

आमच्या दुकानातही हाच हिशोब चालतो. नवरीच्या कामाला तीन आठवडे, घरच्या इतर ब्लाऊजना दहा दिवस. आरीवर्क असेल तर आणखी आधी या, कारण ते काम कापड अख्खं चौकटीवर ताणून, ब्लाऊजचा आकार आखून, कापण्याआधी होतं. नंतर भरता येत नाही. भरताना शिवणीच्या रेषेपासून अर्धा इंच मणी नकोत, सुई मोडते.

येताना साडीतला ब्लाऊजपिस स्वतः कापून आणू नका. आम्ही आधी साडी मोजतो, मगच पिस वेगळा करतो. खणाचा ब्लाऊज हवा असेल तर आम्हाला विचारून खण घ्या. खणाचा पन्हा अरुंद असतो, लांब बाहीला जोड द्यावा लागतो किंवा जास्तीचा खण लागतो. मापासाठी जुना ब्लाऊज आणलात तर चांगलंच, पण तो नीट बसणारा हवा, आणि ट्रायलला येताना लग्नात आत जे घालणार तेच घालून या. त्यानं छातीच्या मापात अर्धा-एक इंचाचा फरक पडतो.

काम कमी दिवसांचं असेल तर आधी नवरीचे ब्लाऊज घेऊ, वेळ उरला तर आईचा. बाकीच्यांना आम्ही नाही म्हणू, पण मापाची चिठ्ठी देऊ. तिचे पैसे घेत नाही. आणि लग्नानंतर सैल करायला याल तेव्हा बाजूच्या शिवणीतलं मार्जिन कापून टाकलेलं नको. कुणी ‘आत टोचतंय, काढून टाका’ म्हणालं, तर त्यावर पातळ पट्टी लावून घ्या.