टीडीएस कापला म्हणजे कर भरला?

"दहा टक्के कापूनच पैसे हातात येतात. मग परत कर कसला, आणि हिशेब तरी कशाला ठेवायचा?"

टीडीएस ही फक्त तुमच्या नावावर जमा झालेली आगाऊ रक्कम. खरा कर वर्षाच्या नफ्यावर ठरतो.

सोलापुरात चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढणारा एक जण धरू. वर्षाची बिलं 18 लाखांची. त्यातली 8 लाखांची मोठ्या कंपन्यांना, तिथं 80,000 कापले गेले. बाकीची लहान कारखानदारांना, तिथं काहीच कापलं नाही. इंटरनेट, सॉफ्टवेअर, कारखान्यांच्या फेऱ्या असा खर्च 3 लाख, म्हणजे नफा 15 लाख. 2025-26 ला नव्या करप्रणालीत सेससकट कर होतो 1,09,200. अजून 29,200 भरायचेत! बाकी 10,000 किंवा जास्त असली की ॲडव्हान्स टॅक्स लागतो: जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या 15 तारखेपर्यंत हप्ते, चुकले की व्याज. याच्यापुरतं सांगायचं तर न कापलेल्या प्रत्येक बिलातले तीन टक्के त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकले की भागतं.

आणि त्या 3 लाखांच्या पावत्याच सापडल्या नाहीत तर? कर 1,66,400 वर जातो. चहाच्या डागाची का असेना, पावतीचा फोटो काढून ठेवा.

नोंदीतली नेहमीची चूक वेगळीच असते. बिल 80,000 चं, बँकेत आले 72,000, आणि वहीत लिहिले 72,000. उत्पन्न 80,000 च लिहायचं, 8,000 टीडीएसच्या रकान्यात. ते 8,000 आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत, म्हणजे फॉर्म 26AS मध्ये दिसत नसतील, तर पैसे कापणाऱ्याला लगेच फोन लावा. कधी कधी पॅनच चुकलेला असतो.