निकष बदलला की आवक? घसरलेला पास रेट वाचताना

मरोळच्या आमच्या ऑफिसात दर सोमवारी एक आकडा फळ्यावर लागतो. घरपोच किराणा पोचवणाऱ्या एका सेवेच्या ग्राहकांना मराठीत जी उत्तरं जातात, त्यांतली ५०० उत्तरं दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली जातात. एक भाषा-मॉडेल ठरलेल्या निकषांवर ती तपासून प्रत्येकाला पास किंवा नापास ठरवतं. हे मॉडेल म्हणजे आमचा मूल्यमापक, आणि फळ्यावरचा आकडा म्हणजे त्याचा पास रेट. मे महिनाभर तो ८६ टक्क्यांच्या आसपास होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो ७४ झाला.

मीटिंगमध्ये लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, मूल्यमापक कडक झालाय. दुसरा म्हणाला, उत्तरंच बिघडली आहेत. दोघांच्याही मनात न आलेली तिसरी शक्यता होती: तपासायला येणारा मालच वेगळा असेल तर? बोर्डाच्या निकालात असं होतं. टक्का घसरला की पेपर कडक तपासले असं सगळे म्हणतात, पण त्या वर्षी परीक्षेला बसलेली मुलंच वेगळी असू शकतात. बाहेरून दोन्हींचा निकाल सारखाच दिसतो.

आधी एक शंका फेडून टाकू. ५०० उत्तरांच्या नमुन्यात, काहीही बदललेलं नसताना, ८६ चा आकडा निव्वळ निवडीच्या योगायोगाने साधारण तीन टक्के वर-खाली होतो. त्यामुळे ८४ दिसलं म्हणून कोणी धावपळ करू नये. १२ टक्क्यांची घसरण मात्र योगायोगाच्या खात्यात बसत नाही.

आता आवक. मुंबईत मान्सून ११ जूनच्या सुमारास येतो असं हवामान खात्याचं सर्वसाधारण वेळापत्रक आहे. अंधेरी सबवेत पाणी भरलं, हिंदमाता तुंबलं की आमच्याकडे ‘ऑर्डर कुठे आहे’ हे प्रश्न वाढतात. मेमध्ये ५०० पैकी ३५० उत्तरं साध्या कामांची होती, म्हणजे पत्ता बदलणे, बिलाची प्रत वगैरे, आणि १५० उशिराच्या तक्रारींची. जूनच्या त्या आठवड्यात साधी २०० आणि उशिराची ३०० झाली. मेमध्ये साध्या उत्तरांतली ९२ टक्के पास होत होती आणि उशिराची ७२ टक्के. वैतागलेल्या माणसाला उत्तर देणं अवघडच असतं, त्यामुळे हा फरक जुनाच आहे. मग एवढाच प्रश्न विचारायचा: दोन्ही गटांचे टक्के मेसारखेच राहिले असते आणि फक्त आवक जूनची असती, तर एकूण किती आलं असतं?

```
०.४० × ९२ + ०.६० × ७२ = ८०
```

मूल्यमापकाने काहीही न करता ८६ चे ८० झाले असते. सहा टक्के पावसाने नेले.

उरलेल्या सहाचं काय? गटवार पाहिलं तर साधी उत्तरं ९२ वरच होती. उशिराची ७२ वरून ६२ वर आली होती. साधा गट जागचा हलला नाही, म्हणजे मूल्यमापक सरसकट कडक झालेला नाही. जे काही झालं ते उशिराच्या तक्रारींपुरतं होतं. इथे बरेच जण थांबतात आणि ‘निम्मं पावसाचं, निम्मं निकषाचं’ असं लिहून मोकळे होतात. ही वाटणी तितकी पक्की नाही. उशिराच्या गटातली तीच दहा टक्क्यांची घसरण मेच्या आवकेत एकूण आकड्यातून फक्त तीन टक्के खाते, कारण तिथे त्या गटाचा वाटा ३० टक्के आहे. जूनमध्ये वाटा ६० झाला म्हणून ती सहा टक्के खाते. पाऊस आणि ती घसरण एकमेकांना वाढवत होते. म्हणून मी वाटणीचा एकच आकडा कधी देत नाही. गटांचे टक्के आणि गटांचे वाटे, दोन्ही शेजारी ठेवते.

आता त्या दहा टक्क्यांचं कारण. त्याच आठवड्यात आम्ही निकषांची चौथी आवृत्ती लावली होती. तिच्यात एक ओळ नवी होती: ‘उशिराच्या तक्रारीत ग्राहकाला नेमकी वेळ सांगितलेली असावी.’ संशय तिच्यावरच जातो, पण पावसाळ्यातल्या तक्रारीही मेपेक्षा किचकट असू शकतात आणि उत्तरंही खरोखर घसरलेली असू शकतात. गटवार टक्केवारी यातला फरक सांगू शकत नाही, कारण तिथेही दर आठवड्याला नवीन उत्तरं असतात.

यासाठी आमच्याकडे एक गोठवलेला संच आहे: मेमधलीच १०० उत्तरं, ५० साधी आणि ५० उशिराची, ज्यांतलं एक अक्षरही बदलायचं नाही. माल तोच आहे, म्हणून त्यावरचा निकाल हलला तर हललेली आहे ती मोजपट्टीच. आधी जुन्याच निकषांवर संच दोनदा तपासून घेतला, कारण असा मूल्यमापक कधीकधी त्याच उत्तराला आज पास आणि उद्या नापास म्हणतो. १०० पैकी एकच निकाल उलटला. मग नवे निकष लावले. साध्या ५० मध्ये काही हललं नाही. उशिराच्या ५० मध्ये आधी ३६ पास होती, आता ३१ झाली. उलटलेल्या पाचही उत्तरांच्या शेऱ्यात नापासाचं कारण म्हणून तीच नवी ओळ होती. ७२ ते ६२, अगदी तेवढीच घसरण. उत्तरं बिघडली असं म्हणायला फारशी जागा उरली नाही.

या संचाला मर्यादा आहे. तो मेचा आहे, त्यात पाण्यात अडकलेल्या डिलिव्हरीची एकही तक्रार नाही. पावसातल्या नव्या तऱ्हेच्या तक्रारींवर मूल्यमापक कसा वागतो हे तो सांगणार नाही. त्यासाठी नवी उत्तरं घालावी लागतात, पण वेगळा संच म्हणून. जुन्यात मिसळली तर जुनी मोजपट्टी हातची जाते. शिवाय निकष बदललाय एवढंच संचावरून कळतं, तो बरोबर बदललाय का हे माणसानेच वाचून ठरवायचं. आम्ही दोघींनी ती पाच उत्तरं वाचली. तिघांत वेळ सांगायला हवीच होती. दोघांत डिलिव्हरी करणारा रस्त्यात अडकला होता आणि नेमकी वेळ कोणालाच माहीत नव्हती. तिथे ‘अर्ध्या तासाने पुन्हा कळवतो’ हेच प्रामाणिक उत्तर होतं आणि मूल्यमापकाने ते नापास केलं होतं. ओळ दुरुस्त करायची ठरलं, पण भर पावसात आवक रोज बदलत असताना नको, म्हणून थांबलो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला आणि फळ्यावर ८३ लागलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मेच्या ८६ पासून तीनच टक्के, म्हणजे योगायोगाच्या अंतरात. दुरुस्तीचं काम यादीतून काढून टाकूया, असंही कोणी सुचवलं. मी गटवार तक्ता उघडला. साधी ३५० उत्तरं, ९२ टक्के. उशिराची १५०, अजूनही ६२ टक्के. निकष जिथे होता तिथेच होता, फक्त आवक मेसारखी झाल्यामुळे तो एकूण आकड्यात दिसेनासा झाला होता. पुढच्या सोमवारी आम्ही ती ओळ बदलली, आणि नवी आवृत्ती लावण्याआधी गोठवलेला संच जुन्या-नव्या दोन्ही निकषांवर तपासून तारखेसकट वहीत नोंदवला.