पार्श्वभूमी : हाय प्रेससमोर मागून खेळणं आणि गोलकीपरची लांब किक

फुटबॉलमध्ये गोलकीपरने पायानेही खेळावं ही कल्पना जुनी आहे. 1950 च्या दशकातला हंगेरीचा आणि 1974 चा नेदरलँड्सचा गोलकीपर बॉक्सबाहेर येऊन खेळत असत. पण तेव्हा ती आवड होती. तिची सक्ती झाली 1992 मध्ये. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हातात घ्यायला बंदी आली आणि बॅक पास घेऊन वेळ काढण्याचा धंदा बंद झाला. त्यानंतर बरीच वर्षं बहुतेक गोलकीपर आलेला चेंडू सरळ पुढे हाणत, आणि त्यांना कोणी दोषही देत नसे.

हाय प्रेस, म्हणजे प्रतिस्पर्धी थेट आपल्या गोलपाशी येऊन दबाव टाकत असताना, मागून लहान पास देत खेळायचं की लांब मारायचं, हा आजचा वाद मात्र गोल किकच्या नियमातल्या 2019 च्या बदलातून आला आहे. त्याआधी गोल किक पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय चेंडू खेळात येत नसे. पास घेणारा बचावपटू गोलपासून किमान साडेसोळा मीटरवर, बॉक्सबाहेर, आणि प्रेस करणारा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. अडचण दिसली की बचावपटू हळूच बॉक्समध्ये पाऊल टाकून चेंडूला पाय लावायचा आणि किक पुन्हा घ्यायला लागायची. ही पळवाट बंद व्हावी, खेळ लवकर सुरू व्हावा, म्हणून 1 जून 2019 पासून चेंडू मारला आणि स्पष्टपणे हलला की तो खेळात, असं ठरलं. प्रतिस्पर्ध्यांनी तोपर्यंत बॉक्सबाहेरच थांबायचं.

बदल लागू होऊन दोन महिने झाले नव्हते तोच गोंधळ उडाला. त्या उन्हाळ्यातल्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात गोलकीपरने गोल किक पायाने हवेत उचलून शेजारच्या सेंटर बॅकला दिली, त्याने ती पाय न लावता परत त्याच्या हातात दिली, आणि बॅक पासच्या नियमालाच बगल मिळाली. तूर्तास अशी किक पुन्हा घ्यावी, शिक्षा करू नये, असा खुलासा आला. पुढे नियमात भर पडली आणि गोल किकवरून केलेली अशी युक्तीही पिवळ्या कार्डाला पात्र ठरली.

हा बदल मागून खेळणाऱ्यांच्या फायद्याचा, असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. ते अर्धंच खरं आहे. सेंटर बॅकना बॉक्समध्ये, गोलकीपरच्या दोन्ही बाजूंना उभं राहता येऊ लागलं आणि त्यांना थोडी मोकळी जागा मिळाली हे बरोबर. पण चेंडू गोलकीपरकडून सेंटर बॅककडे जाईपर्यंतचा वेळ हाच प्रेस करणाऱ्याचा धावण्याचा इशारा झाला, आणि आता चेंडू गमावला तर तो गोलसमोरच. दमदार प्रेस करणाऱ्या संघांना या बदलाने आयतं मैदान मिळालं, असं माझं मत.

लांब मारायचं की नाही, याचं उत्तर माणसं मोजण्यात आहे. आपले तीन जण पुढे आहेत असं धरा. प्रतिस्पर्ध्याने त्यांच्यावर चार ठेवले, तर प्रेसला उरतात सहा. आपले मागचे सात आणि गोलकीपर मिळून आठ. म्हणजे कोणीतरी मोकळा आहे, शोधायचा धीर हवा. गोलकीपरने चेंडू पायाखाली धरून थांबायचं. कोणी त्याच्यावर धावून आला, की त्याने सोडलेला माणूस मोकळा, फक्त वाटेत त्याचा पाय नसावा.

आता प्रतिस्पर्ध्याने मागचा चौथाही प्रेसमध्ये आणला. खाली सात विरुद्ध सात झाले, मोकळा उरला एकटा गोलकीपर. वर मात्र आपले तीन विरुद्ध त्यांचे तीन, आणि त्यांच्या पाठीमागे अर्धं मैदान रिकामं. इथे लहान पासचा हट्ट धरणं म्हणजे समोर मांडलेलं ताट सोडणं. लांब मारायचं ते अशा वेळी. बॅक पास उसळत आला, किंवा कमकुवत पायावर आला, तर मोजत बसायला वेळच नसतो. तेव्हाही लांबच.

एक बारकावा समालोचनात क्वचितच येतो. गोल किकवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो. त्यामुळे पुढचा खेळाडू शेवटच्या बचावपटूच्याही मागे जाऊन उभा राहू शकतो. त्याच्याकडे लक्ष ठेवायला बचावफळी मागे सरकते, प्रेस करणारे आणि ती फळी यांत दरी पडते, आणि मधल्या फळीला चेंडू मिळतो. पण हे साधायला गोलकीपरची किक खरंच तिथवर पोहोचायला हवी. ती पोहोचत नाही हे कळलं, की बचावफळी मागे जातच नाही. बॅक पासवरून मारलेल्या लांब चेंडूला ही सवलत नाही, तिथे ऑफसाइड लागतो.

सरसकट उंच चेंडू मध्यावर टाकणं मात्र जुनीच चूक. तिथे उंच सेंटर बॅक डोक्याने तो परत पाठवतो. बाजूच्या रेषेकडे, फुलबॅकच्या अंगावर मारला, आणि दोन मिडफिल्डर आधीच त्या बाजूला सरकलेले असले, तर पहिला हेडर हरूनही खाली पडणारा चेंडू आपलाच. ते सरकलेले नसतील, तर गोलकीपरने थांबून हात दाखवून त्यांना सरकवावं. गोल किकला तेवढी सवड मिळते. चेंडू हातात असेल तर 2025 पासून आठ सेकंदच आहेत आणि उशीर झाला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर.