ओला मसाला आणि सुका माल: एका खोलीचा हिशोब नेमका कुठे चुकतो

विटा मोजायला कोणी चुकत नाही. चूक होते ती मसाल्यात, आणि फोंड्यापासून पेडण्यापर्यंत घराला एखादी खोली वाढवणारा जवळजवळ प्रत्येक जण तीच करतो. भिंतीत जो मसाला बसतो त्याचं घनफळ काढायचं आणि तेवढ्याच घनफळाचं सिमेंट आणि रेती मागवायची. काम अर्ध्याच्या पुढे गेलं की माल संपतो आणि संशय गवंड्यावर जातो. हे ऐकून मला खरोखर वीट आलाय.

आपण दहा बाय बाराची खोली धरू, म्हणजे आतून साधारण ३ बाय ३.६ मीटर. उंची ३ मीटर, भिंत २० सेंटिमीटरची. चिऱ्याची भिंत असेल तर हे आकडे वापरू नका. हा हिशोब १९ बाय ९ बाय ९ सेंटिमीटरच्या विटेचा आहे. चारही भिंतींची लांबी आतून मोजली तर कोपरे सुटतात, बाहेरून मोजली तर दोनदा धरले जातात, म्हणून भिंतीच्या मध्यरेषेवरून मोजायची. ती १४ मीटर येते, म्हणून घनफळ ८.४ घनमीटर. त्यातून एक दार, एक खिडकी आणि लिंटेलचा सलग पट्टा वजा केला की सुमारे ७.३ घनमीटर बांधकाम उरतं. एका घनमीटरला सांध्यांसकट ५०० विटा लागतात. म्हणजे ३६५०, आणि तुटफुटीचे पाच टक्के धरून ३८५०. विटांचं एवढंच.

आता मसाला. या विटांच्या एका घनमीटर बांधकामात साधारण पाव घनमीटर मसाला जातो. आपल्या खोलीला सुमारे १.८ घनमीटर. पण हे झालं पाणी घालून कालवलेल्या, सांध्यात दाबून बसलेल्या मसाल्याचं घनफळ. रेतीच्या कणांमध्ये मोकळी जागा असते. पाणी पडून मसाला कालवला गेला की सिमेंट त्या जागेत शिरतं, हवा निघून जाते आणि सगळा ढीग आक्रसतो. म्हणून १.८ घनमीटर ओला मसाला हवा असेल तर सुका माल सुमारे एक तृतीयांश जास्त घ्यावा लागतो: १.८ गुणिले १.३३, म्हणजे २.४ घनमीटर.

एकास सहा प्रमाण धरलं तर त्या २.४ चे सात भाग करायचे. एक भाग सिमेंट, ०.३४ घनमीटर. पन्नास किलोची गोणी सुमारे ३५ लिटरची, म्हणजे १० गोण्या. उरलेले सहा भाग रेती, जवळपास २.०६ घनमीटर, म्हणजे पाऊण ब्रासच्या आतबाहेर. हाच हिशोब थेट १.८ वर केला तर साडेसात गोण्या आणि दीड घनमीटर रेती येते. अडीच गोण्यांची तूट इथली आहे, गवंड्याची नाही.

काही जण उलट टोकाला जाऊन १.५४ ने गुणतात. तो आकडा खडी असलेल्या काँक्रीटचा. बांधकामाच्या मसाल्याला तो लावू नये, गोण्या उगाच वाढतात.

एवढं जमलं तरी आपल्याकडे आणखी एक अडचण उरते, ती पावसाळ्यातल्या दमट रेतीची. वर रेतीचं जे माप काढलं ते कोरड्या रेतीचं. थोडी ओल लागली की कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि रेती फुगते. अगदी चिंब भिजवली तर ती पुन्हा कोरडीइतकीच बसते. म्हणजे इथे वाढ होते आणि मसाल्यात घट, दोन्हींचं कारण वेगळं. १.३३ मध्ये ही फूग धरलेली नसते, ती वेगळी मिळवावी लागते.

तपासायला सरळ उभ्या बाजूंचा काचेचा ग्लास पुरतो. त्यात दमट रेती न दाबता १५ सेंटिमीटरपर्यंत भरा, मग रेती बुडून वर राहील इतकं पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. रेती १२ वर थांबली तर ३ भागिले १२, म्हणजे २५ टक्के फूग. मग रेती २.०६ ऐवजी २.६ घनमीटर मागवायची, सुमारे नऊ दशांश ब्रास, आणि गोणीमागे मापाच्या सहा पेट्यांऐवजी साडेसात घालायच्या. सहाच घातल्या तर खरी रेती ४.८ पेट्यांचीच पडते, मसाला कमी निघतो आणि त्याच भिंतीला दहाऐवजी बारा गोण्या लागतात. रेतीची नवी गाडी आली की ही तपासणी पुन्हा करा. ताडपत्रीखालची आणि उघड्यावरची रेती सारखी फुगत नाही.

गिलाव्याचं घनफळ वेगळं काढा, पण १.३३ तिथेही लावा. वरचे दहा गोण्यांचे आकडे फक्त बांधकामाचे आहेत. त्यात गिलावा, लिंटेल आणि पाया नाही.