वीर्य तपासणी: किती दिवसांचं अंतर, सँपल कसं द्यायचं आणि एका रिपोर्टवर का थांबू नये

मूल होत नाही म्हणून जोडपं डॉक्टरांकडे जातं तेव्हा पुरुषासाठी सांगितली जाणारी पहिली तपासणी बहुधा वीर्य तपासणीच असते. लॅबच्या यादीत ती ‘सीमेन अ‍ॅनालिसिस’ या नावाने सापडते. सुई टोचावी लागत नाही, उपाशीपोटी जावं लागत नाही, खर्चही पुढच्या तपासण्यांच्या मानाने कमी असतो. मात्र रक्ताच्या तपासणीत सँपल लॅबवाला घेतो, इथे ते तुम्ही स्वतः देता. त्यामुळे रिपोर्टचा खरेपणा बराचसा तुमच्या तयारीवर ठरतो. चुकीच्या पद्धतीने दिलेल्या सँपलवरून महागडी औषधं सुरू झाली, तर पैसा जातो आणि मनस्तापही होतो.

कोणी करायची, कागद कोणते

गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करायची वेळ झाली असं समजा. पत्नीचं वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच करावी. आधी पत्नीच्या सगळ्या तपासण्या, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे आणि मग नवऱ्याची वेळ, हा क्रम घरोघरी दिसतो आणि तो चुकीचा आहे. दोघांच्या तपासण्या एकाच वेळी सुरू व्हाव्यात.

नसबंदी झालेल्या पुरुषांनाही ही तपासणी करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी सँपल तपासतात आणि त्यात शुक्राणू नाहीत हे दिसल्यावरच नसबंदीचं प्रमाणपत्र मिळतं. तोपर्यंत दुसरं गर्भनिरोधक चालू ठेवायचं. पुढची माहिती मात्र मूल हवं असलेल्यांसाठी आहे.

कागदपत्रं फार लागत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार कार्डासारखं फोटो असलेलं ओळखपत्र सोबत घ्या. सरकारी रुग्णालयात जात असाल तर ओपीडीचा केसपेपर लागतो. आधीचा वीर्याचा रिपोर्ट असेल तर तोही न्या. गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं लिहून न्या. जिममध्ये कोणी दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही लपवू नका, कारण त्यांनी शुक्राणू तयार होणं पार थांबू शकतं.

जाण्याआधी लॅबला एक फोन करा. बऱ्याच ठिकाणी हे सँपल ठरावीक वेळेतच घेतात. सँपल देण्यासाठी स्वतंत्र खोली आहे का, पत्नीला सोबत येता येतं का, आणि तपासणी तिथेच होते की सँपल दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवतात, हे विचारून घ्या. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सँपल गाडीतून तासन्‌तास फिरणार असेल तर शुक्राणूंच्या हालचालीचा आकडा विश्वास ठेवण्यासारखा राहत नाही. अशी लॅब टाळा.

किती दिवस थांबायचं

शेवटच्या वीर्यपतनापासून किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. अनेक डॉक्टर तीन ते पाच दिवस सांगतात आणि तेही या मर्यादेत बसतं. इथे वीर्यपतन म्हणजे फक्त पत्नीशी संबंध नव्हे. हस्तमैथुन मोजायचं आणि झोपेत झालेला वीर्यस्रावही मोजायचा. तपासणीच्या आदल्या रात्री झोपेत स्राव झाला, तर लॅबला फोन करून तारीख पुढे घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन दिवसांपेक्षा कमी थांबलात तर वीर्याचं प्रमाण आणि शुक्राणूंची संख्या कमी भरते. त्यामुळे ‘जितके दिवस जास्त तितकं चांगलं’ असं अनेकांना वाटतं आणि काही जण पंधरा-वीस दिवस संबंध टाळतात. तसं केल्याने संख्या वाढलेली दिसेलही, पण वृषणाला लागून असलेल्या नळीत साठलेले शुक्राणू जुने होतात. त्यातले बरेच मंदावलेले किंवा मेलेले असतात आणि हालचालीची टक्केवारी खाली येते.

फार दिवस संबंध आलाच नसेल, उदाहरणार्थ नोकरीसाठी बाहेरगावी असाल, तर आधी वीर्यपतन होऊ द्या आणि तिथून तीन-चार दिवस मोजून तपासणीला जा. दिवस जे काही भरले असतील ते फॉर्मवर खरे लिहा. पुढे तपासणी परत करावी लागली तर तितक्याच दिवसांचं अंतर ठेवायचं. पहिल्या वेळी दोन आणि दुसऱ्या वेळी सात दिवस असतील तर दोन रिपोर्टची तुलनाच करता येत नाही.

सँपल कसं द्यायचं

लॅबच्या खोलीत, हस्तमैथुनाने, लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या डबीत सँपल देणं, ही सगळ्यात चांगली पद्धत. घरातली औषधाची बाटली किंवा मसाल्याची डबी कितीही धुतली तरी वापरू नका. आधी लघवी करून घ्या. हात आणि लिंग साबणाने धुवा, साबण पूर्ण निघेल असं पाणी घ्या आणि कोरडं करा. साबणाचा अंश आणि पाणी दोन्ही शुक्राणूंना मारक असतात. तेल, क्रीम, जेल किंवा थुंकीसुद्धा लावायची नाही. साधा कंडोमही चालत नाही, कारण त्यावरच्या रसायनांनी शुक्राणू मरतात. संबंधांच्या वेळी ऐनवेळी बाहेर काढून डबीत घेणंही नको. त्यात सुरुवातीचा भाग हमखास निसटतो आणि योनीतला स्राव मिसळतो.

वीर्य सगळं एकसारखं नसतं. पहिल्या एक-दोन उसळ्यांमध्ये शुक्राणूंचा मोठा वाटा असतो आणि नंतर येणारा भाग बराचसा नुसत्या द्रवाचा असतो. म्हणून सुरुवातीचा भाग सांडला तर आकडा एकदम कोसळतो, शेवटचा थोडा सांडला तर त्या मानाने कमी फरक पडतो. सांडलं असेल तर कोणता भाग सांडला ते लॅबला सांगा आणि रिपोर्टवर लिहायला लावा. सांडलेलं बोटाने गोळा करून डबीत घालू नका.

खोलीत दडपण येऊन काहीच न होणं फार सामान्य आहे. लॅबमधल्या माणसांना ते रोजचं असतं. पत्नीला सोबत येऊ देत असतील तर जरूर न्या. तरीही जमलं नाही तर घरून सँपल आणायची परवानगी मागा. संबंधांच्या वेळी वापरायचा, शुक्राणूंना अपाय न करणारा खास कंडोमही मिळतो, पण तो डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

घरून आणताना वेळ आणि उष्णता या दोन गोष्टी सांभाळा. वीर्य बाहेर आल्यावर आधी घट्ट असतं आणि साधारण अर्ध्या तासात पातळ होतं. त्यानंतर लगेच, तासाभराच्या आत हालचाल तपासायला हवी. म्हणून अर्ध्या तासात लॅबमध्ये पोहोचलेलं बरं, तासाच्या पुढे तर जाऊच नये. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. फ्रीज किंवा बर्फ नको आणि दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीतही नको. २० ते ३७ अंश सेल्सिअस इतकी उष्णता ठीक असते. नाव आणि सँपल दिल्याची वेळ झाकणावर न लिहिता डबीवर लिहा, कारण झाकण बदललं जाऊ शकतं.

रिपोर्टमधले आकडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू, संपूर्ण सँपलमध्ये ३९ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के आणि नॉर्मल आकाराचे ४ टक्के. आकाराचा आकडा पाहून पुष्कळ जण हादरतात. ‘९६ टक्के खराब’ असा त्याचा अर्थ लावू नका, तो निकषच तितका कडक आहे.

हे आकडे आले कुठून, तर ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांच्या सँपलमधून. त्यांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांना वेगळं काढणारी ही रेघ आहे. म्हणजे रेघेखाली असलेलेही काही जण त्याच वर्षी बाप झाले होते. उलट, सगळे आकडे रेघेच्या वर असूनही गर्भ न राहणं शक्य आहे. शुक्राणू बीजात शिरून ते फलित करू शकेल का, हे ही तपासणी सांगत नाही.

एक रिपोर्ट पुरेसा का नाही

एकाच निरोगी पुरुषाचे आकडे एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात दुपटीने बदलू शकतात. मोजणीतही फरक राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली २०० शुक्राणू काळजीपूर्वक मोजले, तरी निव्वळ योगायोगाने आकडा १४ टक्के इकडे-तिकडे जाऊ शकतो. शिवाय शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून आजचा रिपोर्ट गेल्या तीन महिन्यांतल्या तब्येतीबद्दल बोलत असतो.

समजा, ३३ वर्षांच्या एका गृहस्थांना ऑगस्टच्या मध्याला डेंगी झाला, पाच दिवस जोराचा ताप होता. २० सप्टेंबरला त्यांनी तपासणी केली. अंतर नऊ दिवसांचं होतं, सँपल घरून आणलं, सुरुवातीचं थोडं सांडलं आणि लॅबमध्ये पोहोचायला पावणेदोन तास लागले. रिपोर्ट आला: वीर्य १.१ मिलिलिटर, मिलिलिटरमागे ९ मिलियन, हालचाल १८ टक्के. एकूण शुक्राणू १.१ गुणिले ९, म्हणजे सुमारे १० मिलियन. डिसेंबरच्या मध्याला तीन दिवसांचं अंतर ठेवून त्यांनी लॅबमध्येच सँपल दिलं. या वेळी वीर्य २.४ मिलिलिटर, मिलिलिटरमागे २२ मिलियन आणि हालचाल ४६ टक्के आली. एकूण संख्या जवळपास ५३ मिलियन झाली, औषधाची एक गोळीही न घेता.

यात तापाचा वाटा किती, सांडण्याचा किती आणि उशिराचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पहिला रिपोर्ट निर्णय घेण्याजोगा नव्हता, एवढं मात्र नक्की कळतं. आणि डिसेंबरचा रिपोर्टही तसाच कमी आला असता, तर मग खरोखर तपास करायला हवा होता. वृषणाच्या शिरा फुगल्या आहेत का ते हाताने तपासणं आणि एफएसएच व टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांच्या रक्ततपासण्या, हे पुढचे टप्पे.

किती दिवसांनी परत करायची, हे पहिल्या रिपोर्टवर अवलंबून आहे. सँपल देताना चूक झाली असेल तर एक-दोन आठवड्यांतही करता येते. ताप येऊन गेला असेल किंवा आकडे थोडे कमी असतील तर तीन महिन्यांनी. पण शुक्राणू शून्य किंवा अगदीच थोडे दिसले तर तीन महिने वाट पाहू नका, शक्य तितक्या लवकर परत तपासा. अशा वेळी लॅबने सँपल यंत्रात वेगाने फिरवून तळाचा साका पाहिला होता का, हे विचारा. नुसता एक थेंब पाहून ‘शून्य’ लिहिलं असेल तर तो शून्य पक्का धरू नका. दुसरी तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, आणि दोन्ही रिपोर्ट व अंतराच्या दिवसांची नोंद एकत्र घेऊनच डॉक्टरांकडे जा.