फ्यूजपासून गाळणीपर्यंत: ‘व्हाय-व्हाय’ची पार्श्वभूमी

मशीन जाम झाल्याच्या रिपोर्टमध्ये ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा ‘मोटर ट्रिप झाली’ किंवा ‘चिप अडकली’ एवढंच लिहिलेलं दिसतं. मशीन बंद पडताना काय दिसलं, तेवढं यातून समजतं. ती का बंद पडली, हे कळायला त्या उत्तरालाच पुन्हा ‘का?’ विचारावं लागतं. पुणे-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत याला ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात. जपानीत ‘नाझे’ म्हणजे ‘का’, आणि तिकडे या पद्धतीचं नावच ‘नाझे-नाझे’ विश्लेषण आहे. आपल्याकडचं व्हाय-व्हाय त्याचाच शब्दशः अनुवाद.

या पद्धतीचं मूळ मागाच्या कारखान्यात आहे. साकिची टोयोडा (१८६७–१९३०) यांनी माग सुधारण्यात आयुष्य घालवलं. धागा तुटला की माग आपोआप थांबावा, ही त्यांच्या कामातली मोठी कल्पना. त्याआधी धागा तुटला तरी माग चालतच राहायचा आणि सदोष कापड विणत जायचा. दोष ध्यानात येईपर्यंत तो नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला, हे कोणालाच सांगता येत नसे. थांबलेल्या मागावर मात्र तुटलेला धागा समोरच असायचा. ‘का?’ विचारायची सोय आधी यंत्रात झाली, असं मला यावरून वाटतं. १९२४ साली त्यांच्या स्वयंचलित मागाचा जी प्रकार तयार झाला आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क विकत घेतले.

पाच ‘का’ विचारण्याचं श्रेय अनेकदा साकिचींनाच दिलं जातं. ती पद्धत कारखान्यात रुजवून लिहून ठेवण्याचं काम मात्र ताइची ओनो यांनी केलं. १९३२ मध्ये ते टोयोडांच्या सूत-कापड कंपनीत लागले आणि १९४३ मध्ये मोटारीच्या कंपनीत गेले. १९७८ साली जपानीत आलेल्या पुस्तकात त्यांनी बंद पडलेल्या एका मशीनचं उदाहरण दिलं. आजही जगभरच्या प्रशिक्षणात तेच सांगितलं जातं.

मशीन का थांबली? लोड जास्त झाला आणि फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला पुरेसं वंगण मिळत नव्हतं. वंगण का मिळत नव्हतं? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. पंप का ओढत नव्हता? त्याचा शाफ्ट झिजून खडखडत होता. शाफ्ट का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, त्यामुळे धातूचा कीस आत जात होता.

यातल्या प्रत्येक उत्तराला एक दुरुस्ती चिकटलेली आहे. पहिल्यावर थांबलं तर फ्यूज बदलला जातो, चौथ्यावर थांबलं तर शाफ्ट. दोन्ही वेळा मशीन सुरू होते, आणि काही महिन्यांनी तोच बिघाड परत येतो, असं ओनो बजावतात. गाळणी बसवली की तो थांबतो. पण पाचला काही पवित्र अर्थ नाही. गाळणी का नव्हती, हा सहावा प्रश्न मला इथे विचारावासा वाटतो. पंपाच्या रचनेतच ती नसेल, तर त्याच बनावटीच्या बाकीच्या मशीनमध्येही कीस जात असणार.

१९८७ मध्ये अमेरिकेत फोर्डने आठ टप्प्यांची ‘एट-डी’ पद्धत बांधली. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये मूळ कारणाचा रकाना पक्का होण्यात तिचा वाटा मोठा आहे. दोष का झाला आणि तो वेळेवर का पकडला गेला नाही, अशा दोन साखळ्या त्यात वेगळ्या लिहितात. ही दुसरी साखळी फार मोलाची आहे आणि रिपोर्टमध्ये तिचीच सर्वांत हेळसांड होते.

आता आपल्या मशीन शॉपमध्ये शोभेल असं एक कल्पित उदाहरण घेऊ. सीएनसी लेथवर कापताना निघणारी धातूची साल म्हणजे चिप. ती बाहेर वाहून नेणारा चिप कन्व्हेयर रात्रपाळीत वारंवार जाम होतो. रिपोर्टमधलं पहिलं उत्तर: कन्व्हेयरची मोटर ओव्हरलोडवर ट्रिप. का? पट्ट्यात चिपचं भेंडोळं अडकलं. भेंडोळं का झालं? चिप तुकड्यांत न तुटता हातभर लांब निघत होती. इथपर्यंतची उत्तरं मशीनजवळ उभं राहिलं की दिसतात.

पुढचं उत्तर ऑफिसात बसून लिहिलं, तर ‘ऑपरेटरने कन्व्हेयर वेळेवर साफ केला नाही’ असं होतं आणि साखळी माणसावर येऊन थांबते. जागेवर जाऊन पाहिलं तर निराळंच दिसतं. फिनिशिंगचा कट आहे, फीड फेऱ्याला ०.१५ मिमी. पण टूलवरचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं बदलतं पातं, रफिंगच्या चिपब्रेकरचा आहे. इन्सर्टच्या तोंडावरची ती खाच जाड चिप वळवून तोडण्यासाठी असते. पातळ चिप तिच्यावर पुरेशी वळत नाही, सरळ लांब निघून येते. तो इन्सर्ट का लावला? स्टोअरने तोच दिला. स्टोअरने का दिला? त्यांच्या यादीत फक्त ‘सीएनएमजी १२०४०८’ लिहिलेलं आहे. त्यातून आकार, माप आणि नाकाची ०.८ मिमी गोलाई कळते. चिपब्रेकरची अक्षरं त्यापुढे येतात आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. यादीत ती उतरवलेलीच नाहीत. स्टोअरच्या दृष्टीने दोन्ही डबे एकच.

दुसरी साखळी: हे आठवडाभर लक्षात का आलं नाही? ट्रिप झाली की ऑपरेटर रीसेट करून काम पुढे नेत होता आणि दहा मिनिटांपेक्षा कमी थांब्याची नोंद करायची पद्धतच नव्हती.

अशी साखळी तपासायला ती उलटी वाचावी. यादीत अक्षरं नाहीत म्हणून चुकीचा इन्सर्ट आला, म्हणून चिप तुटली नाही, म्हणून भेंडोळं झालं, म्हणून मोटर ट्रिप झाली. एखादा ‘म्हणून’ अडखळला तर तिथे अंदाज लिहिला गेला आहे. त्याहून खात्रीची परीक्षा मशीनवर होते. योग्य इन्सर्ट लावून चिप आखूड येते का, आणि जुना परत लावला की पुन्हा लांब येते का, ते पाहायचं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. प्रत्येक ‘का’ला एकच उत्तर लिहिलं की बाकीच्या वाटा बंद होतात. वरच्या उदाहरणात कूलंटचा दाब कमी असणं किंवा बारची नवी लॉट जास्त चिवट असणं, हीदेखील लांब चिपची कारणं असू शकतात. ती तपासून खोडली, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असायला हवं. शिवाय लिहिणाऱ्याला जे ठाऊक नाही, तिथे त्याची साखळी पोचत नाही. चिपब्रेकर म्हणजे काय हेच माहीत नसलेला माणूस दहा वेळा ‘का’ विचारूनही स्टोअरच्या यादीपर्यंत जाणार नाही. म्हणून ही चर्चा टूलरूमचा माणूस, रात्रपाळीचा ऑपरेटर आणि स्टोअरकीपर यांना लेथपाशी उभं करून, अडकलेलं भेंडोळं फेकून देण्याआधी व्हावी.